हॅपी बर्थडे... आणि अरे बापरे!

सकाळी ९.०५. लोकलमध्ये एका हाताने दांडा पकडून माझ्या मैत्रिणीने ऑफिस ग्रुपवर टाकलं, ‘हॅपी फॉर्टी, मॅडम! चाळिशीत स्वागत!’ दोन मिनिटांनी उजेड पडला. मॅडम अडतीस पूर्ण करतायत. झालं! घाईत डिलीट करायला गेली आणि बोट पडलं Delete for me वर. म्हणजे मेसेज फक्त तिला दिसेनासा झाला, बाकी अठ्ठावीस जणांना चाळिशी तशीच! नशीब, खाली पाच सेकंद Undo येतं, ते तिने दाबलं.

मग तिने मला फोन केला. म्हटलं, आधी शांत हो आणि मेसेज दाबून धरून Info बघ. कोणी कोणी वाचलाय ते तिथे कळतं. ब्लू टिक बंद ठेवणारेही ग्रुपमध्ये लपत नाहीत. सहा जणांनी वाचला होता, मॅडमनी नाही. पण तिघांनी आंधळेपणाने ‘हॅपी फॉर्टी’ ठोकलंही होतं!

आता Delete for everyone केलं, तर ‘मेसेज डिलीट केला’ अशी पाटी मागे राहते आणि सगळ्यांची उत्सुकता चाळवते. शिवाय त्या तिघांची चाळिशी तिथेच. त्यापेक्षा Edit बरं. पाठवल्यापासून पंधरा मिनिटं ते चालतं. शेजारी Edited दिसतं, पण जुना मजकूर दिसत नाही. हां, ज्यांनी नोटिफिकेशनमध्ये आधीच वाचलं, त्यांचं काही करता येत नाही.

तिने आकडाच काढून टाकला. ‘३८’ मात्र लिहिलं नाही. चूक सुधारायच्या नादात कुणाचं खरं वय ग्रुपवर जाहीर करणं ही त्याहून मोठी चूक, नाही का? खाली एकच ओळ टाकली, ‘आकडा माझा चुकला, तुम्ही उगाच फसलात. सॉरी मॅडम!’ त्यामुळे त्या तिघांचीही सुटका झाली. ऑफिसात पोचल्यावर मॅडमच्या टेबलापाशी जाऊन तिने स्वतःच सांगितलं, ‘मॅडम, सकाळी मी तुम्हाला दोन वर्षं पुढे नेलं. सॉरी.’ बस्स! ‘तुम्ही चाळीसच्या वाटतच नाही’ हे वाक्य तिने गिळलं. शहाणी!

नाव चुकलं तरी हाच फंडा. एडिट, आणि उत्तर आलेलं असेल तर छोटीशी सॉरी. मेसेज भलत्याच चॅटमध्ये गेला असेल तर मात्र एडिटचा उपयोग नाही. तिथे Delete for everyone करा. त्याला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण मागे पाटी राहणारच, म्हणून लगेच लिहा, ‘दुसऱ्यासाठीची शुभेच्छा इकडे आली.’

संध्याकाळी केक कापताना मॅडमनी पहिला तुकडा तिलाच दिला. म्हणाल्या, ‘घे. चाळिसाव्याला मात्र तूच पहिली विश करायचीस. दोन वर्षांनी!’