पीएफची एंट्री चलनाच्या दिवशी करू नका

पगाराच्या व्हिडिओखाली एक प्रश्न नेहमी येतो: "सर, हातात दिला तेवढा पगार खर्चात टाकला आणि पीएफचं चलन भरलं तेव्हा ते खर्चात टाकलं, तर काय बिघडलं?" बेरीज बरोबरच येते, म्हणून तर ही सवय सुटत नाही. पण माझं मत स्पष्ट आहे, ही पद्धत चुकीची आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे, वीस कामगार आहेत असं धरा. एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये. ईएसआय आज बाजूला ठेवू, नाहीतर गोंधळ होईल. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०, व्यवसाय कर २००, हातात १२,१२०. महिना संपला त्याच तारखेला ही एंट्री:

पगार खाते नावे १४,०००
पीएफ देय खाते जमा १,६८०
व्यवसाय कर देय खाते जमा २००
पगार देय खाते जमा १२,१२०

लगेच दुसरी. मालकाचा हिस्सा १,६८०, विमा आणि प्रशासकीय शुल्क प्रत्येकी अर्धा टक्का, म्हणजे १४०:

पीएफ मालक हिस्सा व शुल्क खाते नावे १,८२०
पीएफ देय खाते जमा १,८२०

हा १,८२० तुमचा खर्च आहे. काही जण तोही कामगाराच्या पगारातून कापतात. कायद्यात ते चालत नाही.

आता पीएफ देय झालं ३,५००. वीस जणांचे ७०,०००. पगार सातला वाटला, पीएफची मुदत पंधरा तारखेची. मधल्या आठ दिवसांत सूतवाल्याचा फोन येतो, बँकेत ७०,००० दिसतात आणि वहीत देणं कुठेच नाही. मग चेक जातोच! यातले ३३,६०० कामगारांच्या पगारातून कापलेले आहेत. ते न भरणं कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के दराने व्याज, दंड वेगळा. शिवाय कामगार मोबाईलवर पासबुक उघडतो, महिना कोरा दिसतो आणि सकाळी तुमच्या केबिनबाहेर उभा राहतो.

एंट्री महिनाअखेरीला केली असेल तर पीएफ देय खात्यात ७०,००० जमा बाकी डोळ्यांसमोर असते. मी तर म्हणतो, पगार वाटाल त्याच दिवशी तेवढी रक्कम दुसऱ्या बँक खात्यात टाका. चलन भरलं की:

पीएफ देय खाते नावे ७०,०००
बँक खाते जमा ७०,०००

सोळा तारखेला पीएफ देयचं लेजर उघडा. मागच्या महिन्याची बाकी शून्य हवी. दोन-चारशे रुपये उरले असतील तर बहुतेक वेळा एखाद्याचे हजेरीचे दिवस पगारपत्रकात वेगळे आणि ईसीआर फाईलमध्ये वेगळे पडलेले असतात. तिथूनच शोधायला लागा.