अस्तर आणि जाळी

कच्च्या रंगाच्या कपड्याला मीठ लावण्याच्या समजुतीविरुद्ध मी याच स्तंभातून मागे लिहिले होते, तेव्हा आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मिठाची कैफियत मांडणारी होती. मिठागरांच्या मुलखात मिठाची बाजू घेणारे पुष्कळ निघावेत हे स्वाभाविकच होते. त्या वादाचा निकाल या मंगळवारी नंदाखालच्या आमच्या आळीत, शेजारच्या सूनबाईंच्या बादलीत लागला, म्हणून तो विषय पुन्हा दाखल करून घेणे मला भाग आहे.

त्यांच्या सासूबाईंचे लाल चौकड्यांचे लुगडे, जे कुपारी घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्या अंगावर अजूनही शोभते, आणि नातीचा पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा हे दोन्ही एकाच वेळी वॉशिंग मशीनमध्ये पडले. धुणे संपत असताना वीज गेली, आणि ती परत येईपर्यंत तीन तास ते ओले कपडे एकमेकांना बिलगून राहिले. झगा बाहेर आला तो गुलाबी होऊन. कोणीतरी सांगितले म्हणून सूनबाईंनी तो, लाल पाणी निथळू न देता, मूठभर मीठ घातलेल्या गरम पाण्यात तासभर बुडवला, आणि मग पिळून माझ्या पडवीत आणला. "काका, मीठ घातल्यावर आतलं अस्तर जास्तच लाल दिसतंय, असं कसं?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नातच उत्तर होते.

सुती कापडाला तुरटीसारख्या बंधकाशिवाय, केवळ उकळत्या पाण्यात रंगवता येईल असा पहिला कृत्रिम रंग, काँगो रेड, पाउल ब्यॉटिगर या जर्मन रसायनज्ञाने 1880 च्या दशकात सिद्ध केला. लुगड्याचा लाल याच कुळातला दिसतो; त्या कुळातील रंग स्वस्त आणि सोपे, परंतु कापसाच्या तंतूशी त्यांचा संबंध सैल असतो. पाण्यात ते सुटतात आणि जवळ दुसरे सुती कापड असेल तर त्यावर जाऊन बसतात. पाण्यात कापसाचा तंतू आणि या रंगाचा कण या दोहोंवर ऋण विद्युत्भार असल्यामुळे ते परस्परांना काहीसे दूर ढकलतात, आणि मीठ हे ढकलणे कमी करते. म्हणूनच रंगारी सुताला रंग चढवताना कढईत मुद्दाम मीठ घालतो. जो पदार्थ रंग चढवण्यासाठी वापरतात तोच रंग उतरवण्यासाठी वापरण्याचा सल्ला घराघरांतून इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, याचा मला मनापासून खेद होतो.

आता त्या झग्याकडे पाहा, कारण याहून बोलका पुरावा मला मिळणार नव्हता. त्याला बाहेरून जाळी आणि आतून सुती अस्तर होते. दोन्ही एकाच पाण्यात, तितकाच वेळ, त्याच लुगड्याला लागून भिजली होती. सूनबाईंनी तो झगा साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा खळबळला, तेव्हा जाळी पूर्ववत पांढरी झाली आणि अस्तर होते तसे गुलाबी राहिले. शिवणीतून जाळीचा एक धागा काढून पेटवला तर तो आकसून त्याचा कठीण काळा मणी झाला, आणि अस्तराचा धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख उरली. जाळी पॉलिस्टरची होती. नायलॉनची असती तर तीही थोडीफार गुलाबी राहिली असती, कारण नायलॉन या रंगांना काही अंशी आश्रय देते. पॉलिस्टरमध्ये त्यांना शिरकावच नसतो, ते नुसते पृष्ठभागावर टेकलेले असतात. लाल कपड्याने पांढऱ्याला 'डागले' असे आपण सरसकट म्हणतो, पण एकाच झग्याच्या एका थरात रंग पाहुणा होता आणि दुसऱ्यात रहिवासी झाला होता, आणि दोघांवर एकच इलाज करणे हाच खरा प्रमाद होता. म्हणून तयार कपडे विकणाऱ्याने प्रत्येक थराचे सूत कोणते हे लिहून द्यावे, हा माझा जुना आग्रह आज मी पुन्हा नोंदवतो.

झगा अजून ओला होता, हे सुदैव. वाळून त्यावर इस्त्री फिरली असती तर काम दुप्पट अवघड झाले असते. ओला पांढरा रुमाल अस्तरावर दाबून पाहिला, तर त्यावर गुलाबी ठसा उमटला. म्हणजे सुटा रंग अद्याप बाकी होता. तो उमटायचा थांबेपर्यंत केवळ साबण आणि गरम पाणी, हेच करायचे असते. चौथ्या पाण्याला रुमाल कोरा राहिला, तेव्हा पुढच्या उपायाची वेळ आली.

जाळीला मणी आणि कमरेला लवचीक पट्टी असल्यामुळे शिवण उसवून अस्तर वेगळे केले. सूनबाईंच्या घरी क्लोरीनचे ब्लीच होते, ते मी वापरू दिले नाही; ते सुताला जेमतेम सोसते, पण त्या पट्टीला ठिसूळ करते, आणि नायलॉन त्याने पिवळे पडले की ते पिवळेपण जात नाही. त्याऐवजी दुकानात ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळणारे सोडियम परकार्बोनेट घेतले. हाताला सोसेल इतक्या गरम पाच लिटर पाण्यात सुमारे पन्नास ग्रॅम पूड पूर्ण विरघळवून अस्तर बुडवले, आणि चार तासांनी पाणी गार पडल्यावर पुन्हा तसेच ताजे पाणी केले. पाणी नळाचे घेतले. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर हे रसायन वाया जाते, आणि लोहाच्या कणाभोवती कापड झिजून भोके पडतात. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना हा उपाय मुळीच करू नये.

रात्रीपर्यंत अस्तर उजळले, तरी दुहेरी शिवणीत फिकट गुलाबी रेघ राहिलीच. तेव्हा रंगाऱ्यांच्या बाजारात 'हायड्रो' म्हणतात ते सोडियम हायड्रोसल्फाइट आणले. ते रंगाच्या कणातील जोड तोडते. परकार्बोनेट आणि हायड्रो मात्र एका पाण्यात कधीही येऊ नयेत, म्हणून आधी अस्तर तीन पाण्यांनी स्वच्छ केले. तीन लिटर साठ अंश तापलेल्या पाण्यात दहा ग्रॅम हायड्रो, आणि पंधरा मिनिटे, पडवीत, हातमोजे घालून, कारण त्याचा गंधकासारखा वास कोंडलेल्या न्हाणीत सहन होत नाही. उरलेली पूड कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली; ओल लागली तर ती आपोआप तापते. रंगीत भरतकाम असते तर हे मी सुचवलेही नसते, कारण हायड्रो हवा-नको असा विवेक करत नाही.

रेघ गेली. अस्तर आता किंचित पिवळसर दिसते, कारण कापडाला मूळची जी चमक दिलेली असते ती या खटपटीत कमी होते. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ दिल्याने ते सावरेल. गुलाबीपणा पुरता जाण्याआधी मात्र नीळ देऊ नये, नाहीतर दोहोंचा मिलाफ होऊन कापड जांभळट करडे होते. असे करडे झालेले शर्ट गेल्या वर्षभरात मी दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळा दोष लाल कपड्याला दिला गेला होता.

अस्तर पुन्हा शिवून झगा काल सावलीत वाळत होता. लुगडे सूनबाईंनी वेगळ्या बादलीत भिजवले आहे, आणि त्याचे तिसरे पाणीही लालच निघाले.