मागचा स्वल्पविराम वाचवा

जर्मन उपवाक्याला दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम लागतो, एक ते सुरू होताना आणि दुसरा ते संपताना. पहिला सहसा चुकत नाही, कारण डास, वाइल, वेन, ओप हे शब्द दिसले की त्यांच्या आधी स्वल्पविराम टाकायचा, हे पहिल्या काही महिन्यांतच हाताला वळण लागतं. गळतो तो दुसरा. उपवाक्य अगदी शेवटी आलं तर पूर्णविरामच त्याचं काम करतो आणि प्रश्न मिटतो. पण उपवाक्य मध्येच संपून मुख्य वाक्य पुढे चालू झालं, की तो मागचा स्वल्पविराम खुद्द जर्मन लोकही सर्रास विसरतात, आणि त्यांत शिकलेसवरलेले लोकही असतात. ओवे, खारघर, तळोजा या पट्ट्यात जर्मन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हा स्वल्पविराम आपल्या हातून गळू देऊ नका.

ही विनंती इथेच का, तेही सांगते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यानंतर जर्मन ही हौसेने किंवा विद्यापीठात शिकायची भाषा राहिली नाही, ती नोकरीची भाषा झाली. आमच्या भागात तर दवाखाने, रुग्णालयं आणि नर्सिंगचं शिक्षण घेणारी मुलं-मुली पावलोपावली भेटतात. त्यांच्यातली जी जर्मनीला जातील, ती तिथे कविता लिहिणार नाहीत. पाळी संपताना पुढच्या पाळीतल्या सहकाऱ्यासाठी रुग्णाची नोंद लिहितील. ती नोंद लिहिणारी व्यक्ती तोवर घरी गेलेली असते, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका आली तर लगेच विचारायची सोय नसते.

अशाच नोंदीतलं एक वाक्य घेऊ. ज्यांना जर्मन येत नाही त्यांनाही ते कळेल. 'डी श्वेस्टर मेल्डेट, डास डेर आर्ट्स्ट कॉम्ट उन्ट ब्लाइब्ट.' श्वेस्टर म्हणजे नर्स, आर्ट्स्ट म्हणजे डॉक्टर, कॉम्ट म्हणजे येतो किंवा येते, उन्ट म्हणजे आणि, ब्लाइब्ट म्हणजे थांबतो किंवा थांबते. वाक्याचा अर्थ असा, की डॉक्टर येणार आहेत आणि थांबणार आहेत, असं नर्स कळवते. आता कॉम्ट या शब्दानंतर एक स्वल्पविराम टाका: 'डी श्वेस्टर मेल्डेट, डास डेर आर्ट्स्ट कॉम्ट, उन्ट ब्लाइब्ट.' शब्द तेच आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. पण उपवाक्य कॉम्टपाशी संपलं, त्यामुळे थांबण्याची क्रिया मुख्य वाक्यात, म्हणजे नर्सकडे गेली. डॉक्टर येत असल्याचं कळवून नर्स थांबते. रात्री रुग्णाजवळ कोण थांबणार, हे त्या एका खुणेवर ठरतं.

मराठीत हेच काम आपण शब्दांनी करतो. 'डॉक्टर येणार आणि थांबणार असं नर्स कळवते' आणि 'डॉक्टर येणार असं कळवून नर्स थांबते' ही दोन वाक्यं ऐकणाऱ्याचा कधीच गोंधळ होत नाही, कारण 'असं' कुठे आलं त्यावरून आतलं बोलणं कुठे संपलं ते कानालाच कळतं. जर्मनकडे उपवाक्य मिटवणारा असा शब्द नाही. तिथे शेवटचं क्रियापद असतं आणि त्याच्यामागे स्वल्पविराम असतो.

मग जर्मन लोक तो का विसरतात? शाळेत त्यांच्या मनावर एक नियम पक्का बसतो, की 'उन्ट'च्या आधी स्वल्पविराम नसतो. यादीसाठी हा नियम बरोबर आहे. 'ब्रोट उन्ट वासर', म्हणजे पाव आणि पाणी, यांच्यामध्ये स्वल्पविराम येत नाही. दोन सारखी उपवाक्यं जोडतानाही तो येत नाही. रुग्ण म्हणते की तिला चक्कर येतेय आणि की तिला पाणी हवंय, अशी दोन डास-उपवाक्यं 'उन्ट'ने जोडली तर मध्ये काही टाकायचं नाही. पण रुग्ण म्हणते की तिला चक्कर येतेय, आणि ती पाणी मागते, इथे 'उन्ट' उपवाक्य संपल्यावर आला आहे: 'डी पात्सिएन्टिन झाग्ट, डास ईर श्विन्डलिश इस्ट, उन्ट बिटेट उम वासर.' इस्टनंतरचा स्वल्पविराम 'उन्ट'चा नाही, तो उपवाक्याचा आहे. 'उन्ट' फक्त त्याच्या शेजारी येऊन बसला आहे. लिहिणाऱ्याला मात्र समोर 'उन्ट' दिसतो, शाळेतला नियम आठवतो आणि स्वल्पविराम पुसला जातो.

याला शुद्धलेखनाच्या सुधारणांनीही हातभार लावला, असं मला ठामपणे वाटतं. १९९६ च्या सुधारणेने 'उन्ट'ने जोडलेल्या दोन मुख्य वाक्यांमधला स्वल्पविराम ऐच्छिक केला आणि 'त्सू' वापरून केलेल्या क्रियापदी रचनांमध्येही बरीच मोकळीक दिली. उपवाक्याच्या नियमाला कुणी हात लावला नव्हता. पण लोकांच्या कानावर गेलं ते एवढंच, की स्वल्पविराम आता मर्जीवर आहे. २००६ साली त्यातली काही मोकळीक मागे घेतली गेली. मानहाइममधल्या जर्मन शुद्धलेखन परिषदेने २०२४ साली नवी नियमावली आणली, तेव्हा 'त्सू'च्या विस्तारित रचनेचा स्वल्पविराम पुन्हा सक्तीचा झाला. 'डेर आर्ट्स्ट रेट, डेम पात्सिएन्टेन त्सू हेल्फेन' म्हणजे रुग्णाला मदत करावी, असा डॉक्टरांचा सल्ला. तोच स्वल्पविराम पात्सिएन्टेननंतर गेला, तर रुग्णानेच मदत करावी असा सल्ला ते रुग्णाला देत आहेत, असा अर्थ होतो. सक्ती परत आणावी लागली, यातच काय ते आलं. सवय एकदा सुटली की नियम छापून ती परत येत नाही, म्हणून मी ही विनंती परिषदेकडे न करता वर्गांकडे करते आहे.

आपल्या वर्गांतही दोष आहेच. आम्ही शिक्षक घाईत म्हणतो, "डासच्या आधी कॉमा." हा अर्धाच नियम आहे, आणि विद्यार्थी तो अर्धाच घेऊन परीक्षेला जातात. बी-२ पातळीच्या लेखी परीक्षेत स्वल्पविरामाला वेगळे गुण नसतात, त्यामुळे तो गळला तरी निकालात फारसं काही दिसत नाही. मग विद्यार्थी पास होतो, जर्मनीला जातो, तिथले सहकारीही तो विसरताना पाहतो, आणि तो मुळात होता हेच त्याच्या लक्षातून जातं.

मराठी माणसाला हा स्वल्पविराम वाचवणं जर्मन माणसापेक्षा सोपं जायला हवं, असं मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून म्हणते. जर्मन मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, पण उपवाक्यात ते शेवटी जातं, जसं मराठीत जातं. क्रियापद आलं की वाक्य मिटलं, ही जाणीव आपल्याला लहानपणापासून आहे. जर्मन उपवाक्य वाचताना तीच जाणीव जागी ठेवायची. 'डी पात्सिएन्टिन, डी गेस्टर्न ओपेरीर्ट वुर्डे, हाट काइन फीबर.' काल जिची शस्त्रक्रिया झाली, त्या रुग्णाला ताप नाही. इथे वुर्डे हे उपवाक्याचं क्रियापद आणि हाट हे मुख्य वाक्याचं. दोन वेगवेगळ्या वाक्यांची, कर्त्याप्रमाणे चालवलेली क्रियापदं अशी एकमेकांना भिडली, की त्यांच्यामध्ये स्वल्पविराम असलाच पाहिजे. बहुतेक गळलेले स्वल्पविराम याच एका कसोटीत सापडतात. 'उन्ट' मध्ये आला असेल तर त्याच्या पलीकडचं क्रियापद पाहायचं आणि ते कुणाचं आहे हे विचारायचं. ते बाहेरच्या कर्त्याचं असेल तर 'उन्ट'च्या आधी स्वल्पविराम टाकायचा.

तुलनेच्या 'आल्स'लाही हीच कसोटी लागू पडते. कालपेक्षा वेदना जास्त आहे, असं लिहिताना 'श्टेर्कर आल्स गेस्टर्न' यात आल्सनंतर क्रियापद नाही, म्हणून स्वल्पविराम नाही. 'श्टेर्कर, आल्स एर गेस्टर्न वार' यात वार हे क्रियापद आलं, म्हणून तो हवा.

श्वासावर मात्र विसंबू नका. मराठीत आपण बराचसा स्वल्पविराम श्वासावर टाकतो. मेजर कँडींच्या काळात एकोणिसाव्या शतकात ही चिन्हं आपल्याकडे रूढ झाली, आणि जिथे बोलताना थांबतो तिथे ती टाकायची अशी आपली रीत पडली. जर्मनमध्ये श्वास दोन्हीकडून फसवतो. बोलताना 'कॉम्ट उन्ट ब्लाइब्ट' एका दमात म्हटलं जातं, म्हणून हवा तिथला स्वल्पविराम गळतो. उलट 'काल संध्याकाळच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर' असा लांब शब्दसमूह वाक्याच्या सुरुवातीला आला की दम लागतो, आणि मग जर्मन लोकही त्याच्या पुढे स्वल्पविराम टाकून मोकळे होतात. तो चूक आहे, कारण त्या समूहात क्रियापदच नाही आणि म्हणून मिटवायला उपवाक्यही नाही. मागचा स्वल्पविराम वाचवण्याच्या भरात अशा ठिकाणी नवे टाकले, तर नुकसान तितकंच होईल.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. शिक्षकांनी आठवड्याला एक छोटं श्रुतलेखन घ्यावं, सहा-सात वाक्यांचं. 'कॉमा' हा शब्द उच्चारायचा नाही आणि वाचताना उपवाक्यापाशी मुद्दाम थांबायचंही नाही. निम्म्या वाक्यांत उपवाक्य मध्ये यावं आणि त्यातल्या काहींत त्याच्यापुढे 'उन्ट' असावा. एखादं वाक्य दोन सारख्या उपवाक्यांचं असू द्या, म्हणजे 'उन्ट'आधी कुठे टाकायचा आणि कुठे नाही हे दोन्ही तपासता येईल. तपासताना त्या दिवशी स्पेलिंगच्या चुका सोडून द्या, फक्त मागचे स्वल्पविराम तपासा. विद्यार्थ्यांनी आपला निबंध लिहून झाल्यावर तो शेवटून वर वाचत जावा आणि कर्त्याप्रमाणे चालवलेल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी. उलटं वाचताना वाक्याचा ओघ डोळ्यांना ओढत नाही, त्यामुळे भिडलेली क्रियापदं लगेच दिसतात.

आणि जे आधीच तिकडे पोहोचले आहेत, रोज पाळीच्या शेवटी नोंद लिहीत आहेत, त्यांना एवढंच सांगते: शेजारचा जर्मन सहकारी तो टाकत नाही म्हणून तुम्ही सोडू नका. त्याच्या नोंदीत तो गळलेला दिसला आणि अर्थ दोन प्रकारे लागत असेल, तर अंदाज बांधू नका. "वेर ब्लाइब्ट?", कोण थांबतंय, असं सरळ विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर तो स्वल्पविराम त्यालाच टाकायला सांगा.