नुसतं ‘ताई’ आलं, तर काय उत्तर द्यायचं?

आता फोन हातातच असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप उघडून जरा मागं जा. एखादा तरी मेसेज असा सापडेल, ज्यात फक्त ‘दादा’, ‘ताई’, ‘सर’ किंवा तुमचं नाव आहे. पुढं काहीच नाही. कुणीतरी हाक मारलीय आणि तुमच्या ‘ओ’ची वाट बघत थांबलंय. त्याखाली तुमचं उत्तर काय आहे, तेही बघा. बहुतेकांचं एकच असतं : ‘बोल.’

माझंही तेच होतं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी ज्युनिअर मुलींना शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मदत करायचे. एकदा सकाळी ११ वाजून ४ मिनिटांनी एकीचा मेसेज आला, ‘ताई’. मी लेक्चरला होते. लॉक स्क्रीनवर तेवढाच शब्द दिसला, म्हटलं नंतर बघू. दुपारी साडेतीनला लिहिलं, ‘बोल गं’. तोवर ती पाथर्डीहून नगरकडं यायला एसटीत बसली होती, नेट धड नव्हतं. संध्याकाळी सातला तिचं आलं, ‘ताई ते फॉर्मचं’. मी, ‘काय झालं?’ रात्री नऊला, ‘परत आलाय.’

दहा तासांत आमच्यात दहा शब्द झाले आणि खरी गोष्ट रात्री नऊला कळली. बारावीनंतर तिचं एक वर्ष गेलं होतं. त्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट जोडलं नाही, म्हणून महाडीबीटीवरचा अर्ज ‘Send Back’ झाला होता. आमच्या कॉलेजला ते नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागायचं. दिवसा कोर्टाच्या आवारात गेलं, तर तासाभराचं काम. रात्री नऊला नोटरी कुठून आणणार? आणि शेवटची तारीख तीच होती. पुढं तारीख वाढली आणि फॉर्म गेला, पण ती रात्र तिनं कशी काढली, हे तिनं नंतर सांगितलं. तारीख वाढणं हे नशीब होतं, मदत नव्हती.

मग चूक तिची का? आयटीवाल्या मंडळींत ‘नो हॅलो’ नावाचा एक दंडक आहे : नुसतं हॅलो टाकून थांबू नका, पहिल्याच मेसेजात काम लिहा. बरोबरीच्या माणसांत तो चांगला चालतो. पण आपल्याकडं ‘ताई’ लिहिणारी मुलगी उद्धट नसते, उलट ती रीत पाळत असते. गावात कुणाच्या घरी गेलो की थेट आत शिरून काम सांगत नाही. दारातून ‘काकू, आहात का?’ अशी हाक मारतो आणि आतून ‘ये की’ आलं की पायरी चढतो. वरच्या वर्षातल्या ताईला किंवा सरांना थेट काम सांगणं तिला आगाऊपणाचं वाटतं. म्हणून ती दारात उभी राहते.

गडबड अशी की दारातल्या हाकेला दोन सेकंदांत ‘ओ’ मिळते, फोनवरच्या हाकेला चार तासांनी. तोवर हाक मारणारा दारातून निघून गेलेला असतो. शिवाय ‘बोल’ म्हटल्यानं तिचं काम काहीच हलकं होत नाही. तिला अवघड काय होतं? सुरुवात करणं. ते आपण जसंच्या तसं तिच्याकडं परत टाकतो. ‘?’ पाठवलं तर त्याहून वाईट, त्यात वैताग दिसतो. आणि ‘असं नुसतं नाव लिहायचं नसतं’ हे व्याख्यान आधीच दिलं, तर ती ‘काही नाही ताई, सॉरी’ म्हणून निघून जाते.

त्यामुळं उत्तरात तीन गोष्टी हव्यात. एक, मी आहे. दोन, मी कधी मोकळी आहे. तीन, असा एक प्रश्न ज्याचं उत्तर तिला विचार न करता देता येईल. त्या दिवशी ११ वाजून १० मिनिटांनी, बाकाखाली फोन धरून का होईना, मी हे लिहायला हवं होतं :

‘आहे गं मी. लेक्चरला आहे, १ वाजता मोकळी होते. फॉर्मचं आहे का? असेल तर स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा फोटो टाक आणि शेवटची तारीख लिही. दुसरं काही असेल तर तेही चालेल. लिहायला जड जात असेल तर १ नंतर फोन कर.’

लिहायला एक मिनिट. आता यातलं एकेक बघा. ‘१ वाजता’ म्हटल्यामुळं ती दर पाच मिनिटांनी फोन बघत बसत नाही. स्क्रीनचा फोटो मागितला, कारण अडचण शब्दांत मांडता येत नाही म्हणूनच ती अडलीय, फोटोत मात्र ‘Send Back’ आणि त्याखालचं कारण आयतं दिसतं. शेवटची तारीख विचारली, कारण घाई किती आहे हे ‘ताई’ या शब्दात कधीच नसतं. दुपारी एकला मी फोटो बघितला असता, तिला सांगितलं असतं की एसटीतून उतरून आधी कोर्टाकडं जा, आणि पाच वाजता फॉर्म पुन्हा गेला असता.

‘दुसरं काही असेल तर तेही चालेल’ हे वाक्य मात्र उगाच नाही. काही हाका फॉर्मच्या नसतात.

मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. आपल्या जिल्ह्यात चाइल्डलाइनचं काम स्नेहालय या संस्थेनं बराच काळ केलं. चाइल्डलाइनच्या नोंदींत ‘सायलेंट कॉल’ असा वेगळा प्रकार असायचा : फोन लागतो, पलीकडं कुणीतरी असतं, पण बोलत नाही. असा फोन रिकामा समजून सोडून द्यायचा नसतो. मूल अंदाज घेत असू शकतं, की पलीकडचा माणूस ओरडतो का, फोन आपटतो का, ऐकतो का. पहिल्या फोनवर गप्प राहिलेलं मूल पुढच्या एखाद्या फोनवर बोलू शकतं.

नुसता ‘दादा’ हा कधी कधी आपल्या फोनवरचा सायलेंट कॉल असतो. ओळखायचं कसं? खात्रीनं ओळखता येत नाही, पण काही खुणा असतात. रात्री दीडला आलेली हाक. जिचं आपल्याकडं काहीच काम अडलेलं नाही, तिची हाक. लिहून पुसलेला मेसेज आणि त्याखाली पुन्हा नुसतं नाव. ‘बोल’ म्हटल्यावर ‘काही नाही, असंच’, आणि तासाभरानं परत ‘दादा’.

अशा वेळी पहिलं उत्तर साधंच ठेवा. ‘कुणी मारलं का?’, ‘घरी काय झालं?’ असं लगेच लिहू नका, कारण तिचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो आणि तुमचा मेसेज लॉक स्क्रीनवर तोच वाचेल. ‘जागा आहे मी. आत्ता बोलता येतंय का? हो किंवा नाही एवढंच लिही’ इतकं पुरतं. बाजूला कुणी बसलेलं असलं तरी ‘नाही’ हा शब्द लिहिता येतो, आणि त्या ‘नाही’तूनही बरंच कळतं. मग ‘कधी फोन करू?’ विचारा आणि त्या वेळेला खरंच करा. उत्तरच आलं नाही, तर दहा-पंधरा मिनिटांत एकदा फोन लावा. दोन निळ्या टिका म्हणजे मेसेज उघडला गेला, एवढंच. माणूस ठीक आहे, असा त्याचा अर्थ नाही.

ती जिवाचं काही बोलली, तर आडवळणानं जाऊ नका. ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन मात्र देऊ नका, कारण ते मोडावं लागू शकतं. तुम्ही समुपदेशक नाही, आणि इथं तुमची हद्द संपते. तिच्याजवळ आत्ता कोण पोचू शकतं ते बघा : रूममेट, हॉस्टेलच्या मॅडम, घरचं विश्वासाचं माणूस. धोका समोर असेल तर ११२. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६, तो २०२२ पासून सुरू आहे. अठराच्या आतलं कुणी असेल तर १०९८. नुसता नंबर पाठवून मोकळं होऊ नका, तिचा तिथं फोन लागेपर्यंत सोबत राहा.

दहातल्या नऊ हाका फॉर्मच्या, नोट्सच्या, बसच्या वेळेच्याच असतील. तुम्ही रात्रंदिवस फोनला चिकटून बसा, असं माझं म्हणणं नाही. म्हणून तर उत्तरात वेळ सांगायची. ‘उद्या सकाळी बघते’ हेही चांगलं उत्तर आहे, फक्त त्याच्या पुढं ‘आजच लागत असेल तर तसं लिही’ एवढं जोडा.

आणि ‘नो हॅलो’ शिकवायचाच असेल, तर काम झाल्यावर शिकवा. फॉर्म गेला, ती ‘थँक्यू ताई’ म्हणाली, की लिहा : ‘पुढच्या वेळी ‘ताई’ लिहिलंस की त्याखालीच सगळं लिहून टाक, मी बघितलं की लगेच सांगेन.’ तेव्हा ते तिला रागावणं वाटत नाही, आत यायची परवानगी वाटते. माझ्या त्या ज्युनिअरला मी हे सांगितलं. तिचा पुढचा मेसेज पाच ओळींचा होता, स्क्रीनच्या फोटोसकट. पहिल्या ओळीत मात्र नुसतं ‘ताई’ होतं.