रकाना रिकामा म्हणून धरणही रिकामे?

पावसाळ्यात पुणेकरांचे लक्ष एका आकड्याकडे असते: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा एकूण साठा. पाणीकपातीची चर्चा याच बेरजेवर चालते. चारपैकी एका धरणाची नोंद वेळेत आलीच नाही, तर ही बेरीज किती धरायची?

समजा, खडकवासल्यात १.२, पानशेतमध्ये ८ आणि वरसगावात ९.५ अब्ज घनफूट (टीएमसी) पाणी आहे. टेमघरमध्ये प्रत्यक्षात २.८ टीएमसी असले, तरी तो रकाना रिकामा राहिला. खरी बेरीज २१.५ आहे. एक्सेलचे `SUM` मात्र रिकामा रकाना सोडून देते आणि १८.७ दाखवते. चूक झाल्याची कोणतीही खूण पडद्यावर दिसत नाही.

प्रोग्रामच्या भाषेत अशा गहाळ आकड्यासाठी अनेकदा NaN ही खूण वापरतात. तिचा अर्थ ‘हा आकडा नाही’. शून्य म्हणजे मोजले आणि काही आढळले नाही. NaN म्हणजे मोजमापच हाती नाही. NaN मध्ये काहीही मिळवले तरी उत्तर NaN च येते. पायथनमधील नम्पायची साधी बेरीज हा नियम पाळते. आर भाषाही गहाळ नोंद असेल तर उत्तर म्हणून `NA` देते. त्याच पायथनमधील पांडाज मात्र न सांगता NaN वगळते:

```
s = pd.Series([1.2, 8.0, 9.5, np.nan])
s.sum()              # 18.7
s.sum(skipna=False)  # nan
s.sum(min_count=4)   # nan
```

शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की चारही आकडे असतील तरच बेरीज द्यावी. सगळेच रकाने रिकामे असतील, तर पांडाजची नेहमीची बेरीज शून्य येते, म्हणजे धरणे कोरडी! एसक्यूएलमधील `SUM` अशा वेळी `NULL` देते.

टक्केवारीत हा घोळ वाढतो. चारही धरणांची एकत्रित क्षमता २९.१५ टीएमसी आहे. १८.७ ला तिने भागले की साठा ६४ टक्के दिसतो. खरा आहे जवळपास ७४ टक्के. टेमघरची ३.७१ टीएमसी क्षमताही वजा केली, तर उत्तर ७३.५ टक्के येते. ते खऱ्याच्या जवळ असले, तरी तीनच धरणांचे आहे आणि ही जवळीक योगायोगाची आहे. टेमघर जवळजवळ रिकामे असते, तर याच पद्धतीने साठा फुगलेला दिसला असता.

दोष कोणत्याही एका सॉफ्टवेअरचा नाही. रिकाम्या जागेचा अर्थ त्याला कळत नाही. तो माणसाने ठरवायचा असतो. म्हणून बेरजेशेजारी ‘चारपैकी तीन नोंदी’ अशी मोजणी छापली पाहिजे. एक्सेलमध्ये त्यासाठी `COUNT` पुरते. मोजणी कमी भरली, तर एकूण साठा जाहीर न करता गहाळ धरणाचे नाव सांगावे. अपुऱ्या बेरजेवर शहराचे पाणी तोडणे किंवा सोडणे, दोन्ही चूकच.