आजोबांची पिशवी भरताना

गेल्या महिन्यात ७६ वर्षांचे एक आजोबा प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. सोबत दोन थर्मास, चादरी, सफरचंदे आणि स्टीलचे डबे होते. औषधांचे विचारले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "सकाळी एक पांढरी, रात्री जेवल्यावर एक गुलाबी." संध्याकाळी मुलाने गावाहून पाकिटे आणली, तेव्हा त्यातली एक गोळी क्लोपिडोग्रेल निघाली. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला होता, तेव्हापासून चालू असलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी. ती घेतली असताना पाठीच्या कण्यात सुई घालून भूल दिली, तर तिथे रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून सहसा पाच ते सात दिवस आधी ती थांबवतात. मात्र स्टेंट असलेल्याने ती स्वतःच्या मनाने बंद करायची नसते, हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे लागते. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेले.

तेव्हा पिशवीत आधी औषधे ठेवा. वहीत नावे उतरवत बसू नका, घरातला गोळ्यांचा डबाच उचलून आणा. डोळ्यांतले थेंब, इन्शुलिन, वैद्यांचे चूर्णसुद्धा. पट्टी कापून आणलेल्या चार गोळ्यांवर बहुधा नाव उरत नाही, पूर्ण पट्टी हवी. दाखल झाल्यावर मात्र हा डबा नर्सला दाखवा आणि त्यातले काही आपणहून देऊ नका. उपाशी ठेवलेल्या रुग्णाला घरच्यांनी नेहमीची साखरेची गोळी दिली आणि पहाटे तो घामाने निथळत सापडला, असे मी पाहिले आहे.

जुन्या रिपोर्टांचे अख्खे गाठोडे नको. शेवटचे डिस्चार्ज कार्ड, अलीकडचा क्रिएटिनिन आणि जुना ईसीजी एवढे वर ठेवा. ईसीजीतला दोष जुनाच आहे की कालचा, हे जुन्या कागदाशिवाय सांगणे अवघड. ईसीजीची शाई कालांतराने उडते, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा.

आता चष्मा, कानाचे यंत्र, कवळी. हरवतील म्हणून लोक या वस्तू घरी ठेवतात. याच आजोबांना दुसऱ्या रात्री भ्रम झाला. सलाईन ओढून काढले, मुलाला चोर म्हणाले. लघवीतला जंतुसंसर्ग हे एक कारण होतेच, त्यावर उपचार सुरू केले. पण चष्मा नाही, यंत्र नाही, दिवा रात्रभर चालू, मग माणसाला आपण कुठे आहोत हे कळावे कसे? सकाळी दोन्ही वस्तू आणवल्या, समोर घड्याळ लावले, मुलगा जवळ बसला. दोन दिवसांत ते सावरले. कवळी नाव लिहिलेल्या झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवावी. कागदात गुंडाळलेली कवळी हमखास कचऱ्यात जाते.

चपला नव्या घेऊ नका. मागे पट्टा असलेल्या, रोजच्या वापरातल्याच आणा, आणि काठी विसरू नका. सफरचंदे राहिली तरी चालतील, हॉस्पिटलबाहेर गाडीवर मिळतात.