उजेड सुधारा, चेहरा नको

पुसदच्या आमच्या भाचीचा बायोडाटा तयार झाला, पण फोटोत तीच ओळखू येईना. रंग गोरापान, गालावरची जन्मखूण गायब. फोटोवाला म्हणाला, "सगळेच करतात, भाई." सगळे करतात म्हणून खोटं हलाल होत नाही.

फोटोला हातच लावू नका, असं मी म्हणत नाही. ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवट दिसतो, तो दोष दिव्याचा; तो काढावाच. आम्ही मूळ फोटो मागवला. तिची ओढणी पांढरी होती. ती पांढरी दिसेपर्यंत संपूर्ण फोटोचा रंग सुधारला आणि थांबलो. ओढणीसोबत चेहराही आपल्या खऱ्या रंगावर आला. नुसता चेहरा उजळवला की लबाडी लगेच दिसते: गाल मैद्यासारखे, मान आणि हात सावळे. कपाळावरची पुटकुळी पुसली, कारण ती आठवड्यात जाणारच होती. जन्मखूण ठेवली, ती निकाहनंतरही राहणार.

मुगीरा बिन शोबा यांनी मागणी घातली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना मुलीला आधी पाहून घ्यायला सांगितलं. वर सुकं आणि आत ओलं धान्य ठेवणाऱ्यालाही त्यांनीच बाजारात हटकलं. कापसावर पाणी मारून वजन वाढवणाऱ्याला आपण यवतमाळात फसवा म्हणतो. मग हा फोटो काय वेगळा?

'गोरी हवी' लिहिणाऱ्या मुलाकडच्यांना लाज वाटायला हवी, हे खरंच. पण त्यांच्यासाठी आपण खोटं का बोलावं? उजळवलेल्या फोटोवर आलेला होकार आपल्या मुलीला नसतोच. तो भलत्याच कुणाला असतो.